यंत्र अडलं की माणूस वाचायचा : जनगणनेच्या अर्जांमागची ती रांग, आणि मोबाईलवरच्या गणनेत तिचं काय होणार?

यंदाची जनगणना मोबाईलवर होणार, ही बातमी आता गावागावात पोहोचली आहे. केंद्र सरकारची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. घरांची यादी करण्याचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्येक राज्यात ३० दिवसांचा ठेवला आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि हिशेबाचा क्षण १ मार्च २०२७. प्रगणक म्हणजे आपल्याच शाळेचे गुरुजी नाहीतर बाई दारात येतील, पण हातात कागदाचं बाड नसेल, फोन असेल. स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे.

चावडीवर यावर चर्चा होते ती एवढीच की, "बरं झालं, आता काम झटपट होईल." ते काही प्रमाणात खरं आहे. पण कागद गेला म्हणजे त्याच्यामागची एक मोठी यंत्रणाही गेली, आणि ती बहुतेकांना माहीतच नव्हती. कागदावर लिहिलेला जो आकडा यंत्राला नीट वाचता येत नव्हता, तो माणसाच्या डोळ्यासमोर आणणारी एक रांग होती. त्या रांगेत बसलेली माणसं एकेक आकडा बघून पुढे ढकलत होती. ती रांग कशी चालायची हे समजलं, तर यंदा दारात प्रगणक आल्यावर आपली जबाबदारी का वाढली आहे, तेही समजतं.

कागद कुठे जायचा?

२०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे २७ लाख प्रगणक आणि पर्यवेक्षक कामाला होते. १६ भाषांमध्ये मिळून ३४ कोटी अर्ज छापले होते. आपल्याकडे अर्ज मराठीत होता. त्यात एका माणसाला एक ओळ: नाव, नातं, लिंग, जन्मतारीख, पूर्ण झालेलं वय, लग्न झालंय की नाही, मातृभाषा, शिक्षण, कामधंदा असे एकूण २९ प्रश्न.

हे अर्ज तालुक्यावरून जिल्ह्याला आणि तिथून जनगणना खात्याच्या डेटा केंद्रात जायचे. तिथं मोठ्या वेगाच्या स्कॅनरवर त्यांचे फोटो निघायचे. मग संगणकाचा प्रोग्राम त्या फोटोतल्या एकेका चौकटीतला हाताने लिहिलेला आकडा ओळखायचा. ही पद्धत आपल्या देशात पहिल्यांदा २००१ च्या जनगणनेत वापरली. त्याआधी माणसं बसून सगळे आकडे टाईप करायची. ते एवढं मोठं काम होतं की काही सविस्तर तक्ते सगळ्या अर्जांवरून न करता थोड्या नमुन्यावरून केले जायचे. यंत्र आल्यावर सगळेच्या सगळे अर्ज घेता येऊ लागले.

म्हणूनच प्रगणकांच्या प्रशिक्षणात तेव्हा एवढा जोर असायचा की अर्जाला घडी घालू नका, डाग पाडू नका, आकडा चौकटीच्या आत लिहा, रेघेला चिकटवू नका, गिरवू नका. ती कोणाची हौस नव्हती. पुढे ते यंत्राला वाचायचं होतं.

यंत्राला शंका येते म्हणजे काय?

यंत्र आकडा वाचतं म्हणजे आपल्यासारखं वाचत नाही. चौकटीतली शाईची आकृती ते त्याला शिकवलेल्या हजारो आकड्यांशी ताडून बघतं आणि प्रत्येक उत्तराला गुण देतं. समजा एका चौकटीसाठी ते म्हणालं, हा 7 आहे, गुण १०० पैकी ९८. मग प्रश्नच नाही. दुसऱ्या चौकटीसाठी म्हणालं, 3 ला ४८ गुण, 8 ला ४१. म्हणजे त्याचं नक्की होत नाही. 3 चं वरचं तोंड शाई पसरून बंद झालं असेल, किंवा 8 लिहिताना पेन अडखळला असेल.

आता कुठल्या गुणाखाली माणसाकडे पाठवायचं, हे आधी ठरवावं लागतं. त्या मर्यादेच्या वरचं उत्तर थेट पुढे जातं, खालचं रांगेत येतं. सगळी गंमत या मर्यादेत आहे. ती फार वर ठेवली, तर चांगले वाचलेले आकडेही माणसाकडे येतात आणि रांग वाढत जाते. फार खाली ठेवली, तर रांग छोटी दिसते, पण चुकीचे आकडे कोणी न बघता पुढे निघून जातात.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा एका गटात १,००० अर्ज आहेत आणि प्रत्येक अर्जावर १०० आकडे. झाले एक लाख आकडे. यंत्राला शंभरातल्या तीन आकड्यांबद्दल शंका आली, तर ३,००० आकडे रांगेत येणार. एक गावाएवढ्या कामात हे काही जास्त वाटत नाही. पण देशाच्या अर्जांना हाच हिशेब लावला तर शंकेची टक्केवारी तीनवरून चार झाली तरी किती माणसं आणि किती दिवस वाढतील, याचा अंदाज येतो. त्यामुळे वरून घाई आली की मर्यादा खाली आणायचा मोह होतो. रांग एका दिवसात अर्धी झाली आणि माणसं मात्र तेवढीच आहेत, असं दिसलं तर समजावं की काम झालेलं नाही, फक्त चाळणीची भोकं मोठी केली आहेत.

पहिली चाळण : सुपातलं निवडण

रांगेतला प्रत्येक आकडा वेगवेगळा उघडून बघायचा म्हटलं तर वेळ पुरायचा नाही. म्हणून अशा कामात पहिली पायरी वेगळी असते. यंत्राने ज्यांना 7 म्हटलं, ते सगळे 7 वेगवेगळ्या अर्जांतून कापून एकाच पडद्यावर ओळीने मांडतात. पडदाभर फक्त 7. मग माणसाने एवढंच करायचं की, यात जो 7 नाही त्यावर बोट ठेवायचं.

घरात बायका सुपात गहू घेऊन निवडतात तेव्हा प्रत्येक दाणा तपासत नाहीत. सूप हलवलं की खडा आपोआप डोळ्यात भरतो. इथंही तसंच आहे. पन्नास 7 च्या मध्ये एक 1 घुसला असेल तर तो लगेच दिसतो. आपल्या उदाहरणातले ३,००० आकडे एका पडद्यावर पन्नास या हिशेबाने साठ पडद्यांत बघून होतात. बहुतेक आकडे यंत्राने बरोबरच वाचलेले असतात, फक्त त्याची खात्री नसते. ते इथंच मोकळे होतात. खडे तेवढे बाजूला पडून पुढच्या रांगेत जातात.

या पायरीचा आणखी एक फायदा आहे. बघणाऱ्यासमोर फक्त आकडा असतो. माणसाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही. जनगणनेतली वैयक्तिक माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय आहे, ती कोणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. सुटे आकडे बघून कोणाच्या घरचं काही कळत नाही, हे त्या दृष्टीनेही बरं.

पण सुपात निवडणाऱ्याचे डोळे दुखायला लागले की खडा दिसेनासा होतो, हे घरातल्या बाईला विचारा. पडद्यावरही तेच होतं. दीड-दोन तास सलग सगळं बरोबरच दिसत राहिलं की हात आपोआप "पुढे, पुढे" करत जातो. हे ओळखायचा एक जुना उपाय आहे. ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे काही चुकीचे आकडे मुद्दाम मध्ये मिसळून ठेवायचे. बघणाऱ्याने ते पकडले तर ठीक. सोडून दिले, तर त्याने त्या वेळात बघितलेले सगळे पडदे पुन्हा दुसऱ्याकडे द्यायचे.

दुसरी चाळण : एकाच चौकटीवर दोघांची नजर

आता त्या 3 की 8 वाल्या चौकटीकडे येऊ. समजा ती एका बाईच्या वयाची आहे. यंत्राला एक तर 34 दिसतंय किंवा 84.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाच्या पडद्यावर वयाच्या दोन्ही चौकटींचा फोटो मोठा करून येतो आणि खाली रिकामी जागा. जे दिसतं ते टाईप करायचं. इथं नियम साधा आणि कडक असतो: दिसतं ते लिहा, वाटतं ते लिहू नका. "एवढ्या म्हाताऱ्या बाईचा नवरा चाळिशीतला कसा असेल" असा विचार करून आकडा बदलायचा नाही. कारण एकदा का अंदाज लावायची सवय लागली, की प्रत्येक जण आपापल्या डोक्याने लोकसंख्या बनवायला लागेल.

दुसरा नियम असा की महत्त्वाची चौकट दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवतात, आणि पहिल्याने काय लिहिलं ते दुसऱ्याला दिसू देत नाहीत. यंत्राने काय ओळखलं होतं तेही न दाखवणं चांगलं. पडद्यावर आधीच 84 लिहिलेलं दिसलं, की माणसालाही 8 च दिसायला लागतो. बाजारात एका आडत्याने मालाला हात लावून "ओला आहे" म्हटलं की दुसऱ्यालाही तो ओलाच लागतो, तसंच हे.

दोघांनी 34 लिहिलं तर विषय संपला. एकाने 34 आणि दुसऱ्याने 84 लिहिलं, तर तिसऱ्या, जरा अनुभवी माणसाकडे जातं. त्याला मात्र त्या बाईची पूर्ण ओळ बघायची मुभा असते. २०११ च्या अर्जात वयाशेजारीच जन्मतारीख विचारली होती. समजा तिथं १४ ऑगस्ट १९७६ लिहिलंय. १ मार्च २०११ ला तिची ३४ वर्षं पूर्ण होतात. म्हणजे तो 3 आहे. इथं त्याने अंदाज लावलेला नाही, त्याच कागदावरचा दुसरा पुरावा बघितला.

आणि जन्मतारीख रिकामी असेल तर? मग नात्याचा रकाना, लग्नाच्या वेळचं वय, मुलांची वयं बघायची. तरीही नक्की होत नसेल तर प्रामाणिक उत्तर एकच: वाचता येत नाही. तशी खूण करून पुढे द्यायचं. पुढच्या टप्प्यात संगणक नियमाने तिथं वय भरतो. पण तो भरलेला आकडा आणि वाचलेला आकडा यातला फरक नोंदीत राहिला पाहिजे. चांगली रांग आणि वाईट रांग यांतला मोठा फरक हाच. वाईट रांगेत "वाचता येत नाही" असं म्हणणाऱ्याला काम येत नाही असं समजतात, त्यामुळे तो काहीतरी ठोकून देतो.

खरा धोका : जिथं यंत्राला शंकाच येत नाही

आतापर्यंतचं सगळं त्या आकड्यांचं झालं ज्यांच्यावर यंत्र अडतं. पण काही वेळा यंत्र छातीठोकपणे चुकीचं वाचतं. तो आकडा रांगेत येतच नाही.

आपल्या भागाला लागू पडणारं उदाहरण म्हणजे मराठी आकडे. अर्ज मराठीत असला तरी चौकटीत आकडे इंग्रजी वळणाचे लिहायचे, अशी सूचना होती. पण जन्मभर फळ्यावर मराठी आकडे लिहिलेल्या गुरुजींचा हात कधीतरी सवयीने वळतो. मराठी १ आणि इंग्रजी 9 हे दिसायला जवळजवळ जुळे. बारा वर्षांच्या मुलाचं वय मराठीत १२ असं लिहिलं गेलं, तर इंग्रजी आकडे शिकलेल्या यंत्राला ते 92 दिसू शकतं, आणि गुणही चांगले पडू शकतात. कारण त्याच्या दृष्टीने तो सुबक 9 आहे. मराठी ४ लाही वरून तोंड उघडं राहिलेला 8 समजण्याची भीती असते.

अशी चूक पकडायला दोन जाळी असतात. एक म्हणजे सुपातलं निवडण फक्त शंकेच्या आकड्यांचं न करता खात्रीच्या आकड्यांतलेही काही घेऊन करायचं. सगळ्या 9 च्या पडद्यावर शेपटी वळलेला १ मराठी वाचणाऱ्या माणसाला दिसतो. म्हणून रांगेत बसणारा माणूस त्या राज्याची लिपी जाणणारा असणं गरजेचं. परराज्यातल्या माणसाला तो थोडा वाकडा 9 वाटेल आणि तो पुढे करेल.

दुसरं जाळं म्हणजे ओळीतल्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ. वय 92, नातं घरप्रमुखाचा मुलगा, घरप्रमुखाचं वय 38, आणि मुलगा शाळेत जातो. यातली प्रत्येक चौकट सुटी बघितली तर नीट आहे. एकत्र बघितली तर बसत नाही. अशी ओळ संगणक नियमाने बाहेर काढतो आणि फोटोसकट माणसापुढे ठेवतो. आणि इथंच कागदाचं मोल कळतं: फोटो आहे म्हणून मागे वळून बघता येतं की मूळात काय लिहिलं होतं.

एकाच प्रगणकाच्या अर्जात असे 92, 95, 98 भराभर निघायला लागले, तर हुशार देखरेख करणारा एकेक दुरुस्त करत बसत नाही. तो त्या प्रगणकाचं सगळं बाड बाहेर काढून एकदम नजरेखालून घालतो. कारण चूक यंत्राची नसते, त्या एका हाताच्या वळणाची असते, आणि ती त्या गावच्या सगळ्या घरांत सारखी पसरलेली असते.

शब्दांची रांग जास्त अवघड

आकडे दहाच आहेत. शब्दांना अंत नाही. मातृभाषा, जात-जमातीचं नाव, कामधंदा, हे प्रगणक शब्दात लिहितो. तिथं यंत्राकडून वाचून घेण्यात फार अर्थ नसतो. माणूस फोटोतला शब्द वाचतो आणि समोरच्या यादीतून त्याचा क्रमांक निवडतो.

कामधंद्याच्या रकान्यात "सूतगिरणीत मशीन चालवतो" असं लिहिलं असेल तर क्रमांक सापडतो. "कंपनीत कामाला" एवढंच असेल तर नाही. कसली कंपनी, आणि तिथं काम काय? वॉचमनही कंपनीत कामाला आणि फिटरही. रांगेतला माणूस त्या घरी फोन करून विचारू शकत नाही. त्याला "इतर" मध्ये टाकावं लागतं. गावातून रोजगारासाठी बाहेर गेलेल्या पोरांचा धंदा सरकारी तक्त्यात धूसर दिसतो, त्याचं एक कारण दारात दिलेलं असं अर्धं उत्तर असतं.

भाषेचं उदाहरण तर सरकारनेच छापलं आहे. २०११ ला देशातल्या लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावं १९,५६९ होती. लिहिण्यातले फरक, गावाची, जातीची, धंद्याची नावं भाषा म्हणून सांगितलेली, हे सगळं भाषेच्या जाणकारांनी तपासून एकत्र केलं. त्यातून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि १,४७४ नावं वर्गीकरण न होता "इतर" मध्ये गेली. हे आकडे जाहीर झाले ते २०१८ मध्ये. अहिराणी सांगणारे लोक या तक्त्यात "खानदेशी" या भाषेखाली मोजले जातात, आणि खानदेशीचे बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार निघाले. ज्यांनी घरात अहिराणी बोलून दारात मात्र मराठी सांगितली, ते मराठीत मोजले गेले. रांगेतला कोणताही जाणकार ते बदलू शकत नाही. कारण पुन्हा तोच नियम: कागदावर आहे तेच.

कागद नाही, मग रांग संपली का?

आता मोबाईलवर आकडा थेट दाबला जाणार. 3 की 8 हा प्रश्न उरत नाही. सुपातलं निवडण बंद, दोघांची नजर बंद. वेळ वाचेल यात वाद नाही. ॲपमध्ये मेळ बघायचे नियम असले तर बारा वर्षांच्या मुलाचं वय 92 टाकल्यावर तिथल्या तिथं हटकता येईल, आणि प्रगणक दारातच असल्याने विचारून दुरुस्तही करता येईल. हा कागदापेक्षा मोठा फायदा आहे.

पण बोट घसरून 34 च्या जागी 35 पडलं, तर ते कोणालाच कळणार नाही. दाबलेल्या आकड्याला गुण नसतात. तो स्वच्छ असतो, त्याच्यावर शंका घ्यायला काही जागाच नसते. कागदावरची खाडाखोड निदान सांगायची तरी की इथं काहीतरी गडबड आहे. आणि मागे वळून बघायला हस्ताक्षराचा फोटोही नसेल.

शब्दांची रांग मात्र मोबाईलने संपत नाही, हे महाराष्ट्राने महागात शिकलं आहे. २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना कागदावर नव्हती, प्रगणकासोबत टॅबलेट होता. अक्षर न लागण्याचा प्रश्नच नव्हता. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी महाराष्ट्र सरकारने ती माहिती मागत सर्वोच्च न्यायालय गाठलं. तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की माहितीत चुका आहेत, ती वापरता येणार नाही. देशभर मिळून जातींची सुमारे ४६ लाख नावं आली होती. १९३१ च्या जनगणनेत हीच संख्या ४,१४७ होती. महाराष्ट्रात अधिकृत यादीत ४९४ जाती, आणि गणनेत आलेली नावं ४,२८,६७७. एकाच जातीचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकलं, कुठे आडनाव, कुठे कूळ, कुठे पोटजात, आणि प्रत्येक प्रकार वेगळी जात म्हणून मोजला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्याची मागणी फेटाळली. त्यानंतर निवडणुकांचं काय झालं, किती ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदा प्रशासकाच्या हाती राहिल्या, ते गावकऱ्यांना वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणजे तिथं लिहून घेण्याचं यंत्र चांगलं होतं, पण आलेल्या शब्दांना ठिकाणावर लावणारी माणसांची रांग कामाला पुरी पडली नाही. यंदा जनगणनेत जातही विचारली जाणार आहे, तसा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला झाला. ॲपमध्ये यादीतून नाव निवडायची सोय कितीही चांगली केली, तरी यादीत न बसणारी उत्तरं येणारच. ती कोण बघणार, किती माणसं बघणार, मराठी आणि इथल्या बोली जाणणारी असतील का, आणि "ठरवता येत नाही" म्हणायची त्यांना मोकळीक असेल का, हे प्रश्न गावातून विचारले गेले पाहिजेत. फोनची कंपनी कुठली आणि नेट चालेल का, याच्याइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

दारातच करायचं काम

पूर्वी आपलं उत्तर चुकीचं लिहिलं गेलं तरी पुढे दोन-तीन डोळे त्यावरून फिरायचे. आता तो डोळा आपलाच. प्रगणकाने माहिती भरून झाल्यावर पुढे पाठवण्याआधी "बाई, एकदा वाचून दाखवता का?" असं म्हणायला संकोच करू नये. घरातल्या प्रत्येकाचं वय आणि जन्मवर्ष ऐकून घ्यावं. आधार किंवा शाळेचा दाखला समोर काढून ठेवला तर दोघांचाही वेळ वाचतो. अर्थात कागदपत्र दाखवलंच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही.

कामधंदा सांगताना दोन गोष्टी सांगाव्यात: ठिकाण कसलं आणि तिथं करतो काय. "पुण्याला कंपनीत" ऐवजी "गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर". मातृभाषा म्हणजे घरात आईकडून शिकलेली बोली, ती जी असेल ती सांगावी. जातीचं नाव दाखल्यावर आहे तसं, आणि घरातल्या सगळ्यांचं एकसारखं लिहिलं आहे ना, हे बघावं. भावाभावांच्या घरात एकाकडे पोटजात आणि दुसऱ्याकडे आडनाव गेलं, तर यादीत दोन नावं वाढतात आणि मोजणीत दोन माणसं कमी होतात.

आणि ज्या घरी स्वतःच फोनवर माहिती भरणार आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावं. तरण्या पोराने घाईत आजीचं वय अंदाजाने टाकलं, तर त्या आकड्यावर नंतर कोणाचीही नजर अडणार नाही. आजीला विचारून, जमलं तर तिच्यासमोरच भरावं.